रणभूमी पुरातत्त्व : सोलापूर परिसर

लढाई जेथे झाली त्या जमिनीत उरलेल्या वस्तू, त्यांची जागा, खोली आणि परस्परांपासूनचे अंतर यांवरून लढाईचा क्रम लावणारी पुरातत्त्वाची शाखा. किल्ल्यांचे वास्तुवर्णन किंवा संग्रहालयांतील शस्त्रांचा अभ्यास सामान्यतः तिच्यात धरत नाहीत.

शाखेचा आरंभ कोठून मानावा याबद्दल दोन मते आहेत. स्वीडनमधील विस्बी येथे १३६१ मध्ये झालेल्या लढाईतील मृतांच्या सामूहिक कबरी १९०५ पासून खणल्या गेल्या. अंगावरच्या चिलखतांसह पुरलेल्या त्या सांगाड्यांपासून काही अभ्यासक आरंभ मोजतात. दुसरे मत १९८४ चे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या १८७६ मधील रणांगणावर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक घेतलेल्या माणसांच्या रांगा तिच्यावरून चालवल्या व प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर घेतली. काडतुसाच्या बुडावर बंदुकीच्या टाचणीची जी खूण उमटते, ती जुळवून एकच बंदूक मैदानात कोठून कोठे गेली हे त्यांना दाखवता आले. विस्बीच्या कबरींतून माणसे कशी मेली ते कळते, पण सैन्य कसे हलले ते कळत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे.

सोलापूर परिसरात या पद्धतीने पाहण्याजोगी मैदाने बरीच आहेत. भुईकोटावरून निजामशाही व आदिलशाही यांच्यात सोळाव्या शतकात वारंवार झगडे झाले. तथापि त्यांची लिखित वर्णने दरबारी थाटाची असून जागा सांगण्यात फार कंजूष आहेत. त्यामानाने १८१८ च्या दोन लढायांची, आष्टीची व सोलापूरची, माहिती पुष्कळ आहे. मात्र ती बहुतेक इंग्रजांच्या बाजूची आहे.

सोलापूरची लढाई, मे १८१८. इंग्रज सेनापती टॉमस मन्रो ९ मे रोजी सोलापूरजवळ पोहोचला. पेशव्यांचे पायदळ व तोफा गणपतराव पानसे यांच्या हाताखाली किल्ल्याच्या आश्रयाने उभ्या होत्या आणि त्यांच्यात अरबांची मोठी तुकडी होती. १० मे रोजी इंग्रज फौजेने तटबंद पेठेवर शिड्या लावल्या. पानशांनी बाहेरून तोफा आणून बाजूने मारा केला. त्या चकमकीत ते जखमी झाले. दुपारनंतर पायदळाने तळ सोडून पश्चिमेकडे, सीना नदीच्या दिशेने माघार घेतली. मन्रोच्या हाताखालील अधिकारी प्रिट्झलर याचे घोडदळ दोन हलक्या तोफांसह पाठलागावर गेले, सुमारे सात मैलांवर त्याने त्यांना गाठले आणि अंधार पडेपर्यंत कत्तल चालली. किल्ला पुढे १५ मेच्या सुमारास स्वाधीन झाला. इंग्रजांकडील मृत व जखमी ९७ आणि मराठ्यांकडील मृत ८०० च्या वर असे आकडे दिले जातात. पहिला आकडा हजेरीपटावरचा आहे, दुसरा अंदाजाचा. दोन्ही एकाच तोलाचे समजू नयेत.

या वर्णनांत पेठेवरचा हल्ला तासातासाने येतो, पण माघारीचे सात मैल दोन-तीन वाक्यांत संपतात. पायदळ रांग धरून हटत होते की पांगले होते, तोंड वळवून लढणे कोठे झाले, मेलेल्यांचे काय झाले, यांची उत्तरे कागदात नाहीत. जमिनीत ती शोधायची तर मुख्य साधन म्हणजे शिशाची गोळी.

न उडालेली गोळी वाटोळी असते. साच्याची शिवण व ओतलेल्या शिशाचे देठ तिच्यावर बहुधा दिसते. बार भरताना घाईत हातातून निसटलेल्या अशा गोळ्या जेथे ओळीने सापडतात, तेथे बंदूकवाले उभे होते. उडालेली गोळी चपटी झालेली असते, तिच्यावर नळीचा पट्टा किंवा गजाचा ठसा उमटतो आणि ती समोरच्याच्या जागी पडते. या दोन्हींच्या जागा एका नकाशावर घेतल्या की कोण कोणाकडे तोंड करून होता हे कळते. सात मैलांच्या वाटेवर न उडालेल्या गोळ्यांचे ठरावीक अंतराने पुंजके मिळाले, तर पायदळ थांबत थांबत लढत हटले असा अर्थ निघेल. बक्कल, नाणी, नाल अशा वस्तू विरळ पसरलेल्या आणि गोळ्या जवळपास नाहीत असे दिसले, तर ते पांगले होते. पाठलागातील हलक्या तोफांचे लोखंडी छर्रे वाटेची दिशा आणखी पक्की करतील.

चपटी गोळी मोजायची कशी, हा प्रश्न अमेरिकेतील मॉनमथच्या १७७८ मधील रणांगणावर काम करताना डॅन सिव्हिलिच यांनी सोडवला. व्यास पट्टीने न घेता वजनावरून काढायचा: ग्रॅममधील वजनाचे घनमूळ घेऊन त्याला ०.२२३२०४ ने गुणले की मूळ गोळीचा व्यास इंचांत येतो. मिलिमीटर हवे असतील तर गुणक सुमारे ५.६७ धरावा. पैशासारखी सपाट झालेली गोळी २९.५ ग्रॅम भरली, तर घनमूळ ३.०९ आणि व्यास साधारण १७.५ मिलिमीटर येतो. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची असून तिच्यात याच मापाची गोळी सैलसर बसे. १२ ग्रॅमच्या गोळीचा व्यास १३ मिलिमीटर येतो. ती तोड्याच्या बंदुकीची असू शकते, पिस्तुलाचीही असू शकते. गोळी कोणत्या बाजूची हे केवळ मापावरून सांगणे धोक्याचे आहे. पेशव्यांच्या कवायती पलटणींकडेही विलायती घाटाच्या बंदुका होत्या. एकेका गोळीपेक्षा मापांचे गट मैदानात कसे पसरले आहेत ते पाहणे म्हणून अधिक भरवशाचे.

काळ्या जमिनीची अडचण. युरोपात बसवलेली ही पद्धत सोलापुरात जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि त्याचे कारण माती. येथील खोल काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तडकते. मे महिन्यात तिच्या भेगांत अख्खा हात सहज जातो; काही भेगा मीटरभर खोल असतात. लढाई नेमकी १० मेची आहे. त्या दिवशी भेगाळ शिवारात पडलेली गोळी वर राहण्यापेक्षा भेगेत जाण्याचाच संभव अधिक. मृगाच्या पावसाने भेग मिटली की गोळी खाली अडकते. साधा धातुशोधक एवढी लहान वस्तू वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंतच पकडतो. त्याखालचा ऐवज नांगरापासून सुरक्षित राहतो खरा, पण शोधणाऱ्यालाही तो सापडत नाही.

उलट माळावरच्या उथळ मुरमाड जमिनीत वस्तू वरच्या थरातच राहतात. तिथे अडचण वेगळी: खालच्या काळ्या खडकात चुंबकीय खनिजे असल्याने यंत्र उगाचच कुरकुरत राहते आणि लोखंडी छर्रा व खडकाचा तुकडा यांत फरक करणे जिकिरीचे होते. यावर बेताची काळजी घेतली नाही, तर हाती येणारा नकाशा लढाईचा नसून जमिनीच्या प्रतींचा असतो. माळावर गोळ्या, काळ्या रानात काही नाही, म्हणून लढाई माळावर झाली, असा निष्कर्ष फसवा ठरेल.

फसगत ओळखण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, सर्वेक्षणाआधी काळ्या रानात व माळावर ठरावीक खोलीवर खुणेच्या शिशाच्या गोळ्या पुरून ठेवायच्या आणि शोधणाऱ्यांना त्यांतील किती सापडतात ते पाहायचे. दुसरा, ज्वारी निघाल्यावर मालकाच्या संमतीने एखाद्या पट्ट्यातील माती दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांनी काढून प्रत्येक थर पुन्हा तपासायचा. हे काम वेळखाऊ आहे. पण वरच्या थरात दोन आणि खालच्या दोन थरांत वीस गोळ्या निघाल्या, तर आधीचा नकाशा बाजूला ठेवावा लागतो. ऊस व कालव्याखाली आलेल्या जमिनीत खोल नांगरटीने थर उलटेपालटे झालेले असतात. तेथे खोलीचा पुरावा घेऊ नये. पेठेचा भाग तर शहराखालीच आहे.

वाटेचे ठिकाणही गृहीत धरू नये. इंग्लंडमधील बॉसवर्थच्या १४८५ मधील लढाईची परंपरेने मानलेली टेकडी सोडून ग्लेन फोर्ड यांच्या पथकाला खरे मैदान सुमारे तीन किलोमीटरवर मिळाले. तेथे तीसहून अधिक शिशाचे तोफगोळे निघाले.

आष्टी. बापू गोखले पडले त्या लढाईची तारीख १९ किंवा २० फेब्रुवारी १८१८ अशी दिली जाते. २० अधिक मान्य आहे. गावाच्या नावावरून बीड जिल्ह्यातील आष्टीशी घोटाळा होतो. ही मुख्यतः घोडदळाची, तलवारींची चकमक होती. तलवार जमिनीत फारसे काही सोडत नाही. जे पडते ते उचलून नेले जाते. तेथे गोळ्यांचा नकाशा विरळच निघणार, आणि त्यावरून चकमक किरकोळ होती असे म्हणता येणार नाही. नाल, रिकिबीचे तुकडे व खोगिराची कडी यांवरच भर द्यावा लागेल.

दफने. युरोपात हा भाग सर्वांत बोलका आहे. टाउटनच्या १४६१ मधील लढाईची एक सामूहिक कबर १९९६ मध्ये बांधकामात उघडी पडली. तिच्यातील बहुतेक जखमा डोक्यावर, एकेका कवटीवर अनेक होत्या. शिरस्त्राण नसलेल्या माणसांना मारले गेले असावे, असे त्यावरून मानतात. सीनेकडील पाठलागाशी हे साम्य मोहात पाडणारे आहे. परंतु हिंदू सैनिकांचे दहन होत असे, म्हणून तशी कबर मिळण्याची अपेक्षा मुख्यतः अरब व अन्य मुसलमान शिपायांपुरती आणि इंग्रजांकडील गोऱ्यांपुरती ठेवावी. चुनखडीच्या कणांमुळे येथील माती आम्लधर्मी नाही; हाडे टिकण्यास ते अनुकूल आहे.

जिल्ह्यातील वीरगळ बहुतांशी याहून कित्येक शतके जुने आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य ही त्यांची ठरलेली मांडणी. ढाल-तलवार, धनुष्य, घोडा यांच्या घडणीसाठी त्यांचा उपयोग होतो. लढाईच्या जागेचा पुरावा म्हणून मात्र होत नाही, कारण बरेच दगड देवळाच्या आवारात आणून उभे केलेले आहेत.

तळ व वाहतूक. भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. परांड्याहून विजापूरला तोफा नेताना कडक बिजली ही तोफ भीमेत बुडाली अशी परंपरा आहे. तिची जोडीदार मुलूखमैदान विजापुरास आहे.

कायदा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यास कळवावी लागते. शिशाची एखादी गोळी भंगारात टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असण्याचा संभव कमी. विचारपूस करताना कायद्यापेक्षा बांधाचे नाव आधी विचारावे: कोणत्या वावरात, कोणत्या वळणावर, वखरताना की विहीर खणताना.