बीममधून पाइप: आधी ठेवलेली स्लीव्ह आणि मागून मारलेली कोअर

स्लॅबच्या आदल्या दिवशी प्लंबर नळाच्या नि सांडपाण्याच्या लाइनीबद्दल विचारतो, तेव्हा साइटवर ठरलेलं उत्तर मिळतं: "आता ढलाई होऊ द्या, मंग मशीन लावून छेद पाडून घेऊ." तालुक्याच्या गावी कोअर कटिंगचं मशीन आता सहज मिळतं, छेदही गोल आणि गुळगुळीत येतो. म्हणून स्लीव्ह आधी ठेवली काय आणि कोअर नंतर मारली काय, एकच गोष्ट, असा समज पक्का झाला आहे. प्लास्टर झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात हेही खरं. फरक आत, लोह्यात असतो. स्लीव्ह असली की लोहा तिच्या बाजूने बांधलेला असतो. कोअर मारली की वाटेत आलेला लोहा कापला जातो.

स्लीव्ह म्हणजे पाइपपेक्षा एक साइज मोठ्या पीव्हीसी पाइपचा, बीमच्या रुंदीएवढा तुकडा. सेंट्रिंगमध्ये लोह्याला बांधून तो ठेवतात आणि काँक्रीट त्याच्याभोवती भरतं. ७५ मिमीच्या लाइनीला ११० ची स्लीव्ह, ११० च्या लाइनीला १६० ची. कोअर कटिंगमध्ये हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट पाणी सोडत फिरतो आणि काँक्रीटचा गोल दांडा कापून बाहेर काढतो. हा बिट गिट्टीही कापतो आणि सळाखही. छन्नी-हातोड्याने फोडणारा मिस्त्री सळाख लागली की निदान थांबतो, तिला वाकवून बाजूला तरी करतो. मशीन तिथे थांबत नाही. याचा अर्थ छन्नी बरी असा नाही. तिने भोवतालचं काँक्रीट तडकतं आणि चार इंचाच्या छेदाचं भगदाड होतं.

आकड्यांवर बघू. वरच्या मजल्यावर बाथरूम आहे. खालचा बीम ९ बाय १८, म्हणजे २३० बाय ४५० मिमी, आणि दोन कॉलमच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १२ फूट, म्हणजे साधारण ३६०० मिमी. बाथरूमचा स्लॅब ३०० मिमी खाली बसवला आहे, ज्याला साइटवर सन्क म्हणतात. नहाणी ट्रॅपची ७५ ची लाइन सन्कमधून निघून बीममधून बाहेरच्या भिंतीवर जायची आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. स्लीव्हचं केंद्र बीमच्या वरच्या कडेपासून २२५ मिमीवर, म्हणजे बरोबर अर्ध्या उंचीवर धरलं, तर ११० ची स्लीव्ह वरून १७० पासून २८० मिमीपर्यंत येते. सन्कचा स्लॅब ३०० वर सुरू होतो, म्हणजे मधे २० मिमी राहतात आणि वॉटरप्रूफिंगचा थर तिथे वळवता येतो. छेदाच्या वर १७० मिमी आणि खालीही १७० मिमी काँक्रीट शाबूत राहतं. भार आल्यावर बीमचा वरचा भाग दाबला जातो आणि खालच्या सळाखा ताणल्या जातात. मधल्या पट्ट्यात ही ओढाताण सगळ्यात कमी असते. छेद बीमच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून लहान असावा, असा ठोकताळा बहुतेक इंजिनिअर धरतात. इथे ती मर्यादा १५० मिमी आहे, त्यामुळे ११० बसते. १६० ची स्लीव्ह त्यात बसत नाही, म्हणून संडासची लाइन या बीममधून काढायची नाही. तिचा मार्ग वेगळा आहे: कमोड पी-ट्रॅपचा घेतला तर त्याचं तोंड फरशीच्या वर असतं, पाइप बीमच्या वरच्या विटांमधून बाहेर जातो आणि बीमला हातच लागत नाही. भारतीय पॅन बसवायचा असेल तर त्याचा ओटा पुरेसा उंच करून हेच साधता येतं. कमोड कोणता हा निर्णय म्हणून फरशीच्या वेळी नाही, सेंट्रिंग लागायच्या आधी घ्यायचा असतो.

दुसरा प्रश्न लांबीतल्या जागेचा, आणि इथेच स्लीव्ह आणि कोअरच्या वाटा वेगळ्या होतात. कॉलमजवळ बीमवर कातरणारा जोर जास्त असतो, म्हणून तिथे मुख्य सळाखांभोवतीच्या रिंगा दाट बांधतात. या बीममध्ये कॉलमपाशी ८ मिमीच्या रिंगा १०० मिमीवर आणि मधल्या भागात १५० मिमीवर आहेत असं धरा. कॉलमपाशी दोन रिंगांमधली मोकळी जागा ९२ मिमी, म्हणजे ११० ची स्लीव्ह तिथे शिरतच नाही. मधल्या भागात ती जागा १४२ मिमी आहे. स्लीव्ह बसते, पण दोन्ही बाजूंना १६-१६ मिमीच उरतात आणि २० मिमीची गिट्टी तेवढ्यातून जात नाही. तिथे काँक्रीट पोकळ राहतं, आपल्याकडे ज्याला हनीकोंब म्हणतात ते होतं. यावर उपाय रिंग कापण्याचा नाही. दोन्ही रिंगा थोड्या सरकवायच्या, स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी मोकळे ठेवायचे, आणि वाढलेल्या अंतराची भरपाई म्हणून दोन्हीकडे एकेक जादा रिंग बांधायची. स्लीव्हच्या वर आणि खाली सळाखांचे आखूड तुकडे किंवा तिरप्या सळाखा किती जाडीच्या टाकायच्या, हे इंजिनिअर हिशोब करून देतो. मिस्त्रीने अंदाजाने टाकायची ती गोष्ट नाही. जागा मधल्या एक तृतीयांशात, म्हणजे कॉलमच्या कडेपासून १२०० ते २४०० मिमीच्या दरम्यान.

आता हाच छेद कोअरने करायचा म्हणा. ११० ची स्लीव्ह काय किंवा तेवढाच बिट काय, मोकळी जागा तीच, १४२ मिमी. फरक एवढाच की रिंगा आता दिसत नाहीत आणि सरकवताही येत नाहीत. बिट अगदी मधोमध लागला तर दोन्हीकडे १६ मिमीची सूट. जागा जरा चुकली की रिंग गेली. छेद आरपार असल्याने त्या रिंगेचे दोन्ही उभे पाय कापले जातात, म्हणजे ती रिंग कामातूनच जाते. ९२ मिमीच्या पट्ट्यात, म्हणजे कॉलमजवळ, कोअर मारली तर रिंग कापली जाणारच. आणि प्लंबरला सोयीची जागा बहुतेक वेळा तीच, कोपऱ्यातली असते.

कोअर मारताना लोहा लागला हे ओळखू येतं. बिटचा वेग एकदम मंदावतो, आवाज घासल्यासारखा बदलतो, आणि राखाडी गाळात चमकणारा लोखंडाचा चुरा दिसू लागतो. तिथे मशीन बंद करायचं. छेद पूर्ण झालाच असेल तर बाहेर आलेला काँक्रीटचा दांडा फेकू नका. त्याच्या कडेला ८ मिमीचा चकाकता ठिपका किंवा पट्टा दिसला तर रिंग गेली. १२, १६ मिमीचा दिसला तर मुख्य सळाख गेली, आणि तो प्रश्न आजच्या आजच इंजिनिअरकडे न्यायचा. दांडा ठेवा आणि त्याचा फोटो टेपसकट पाठवा.

कोअर कटिंग वाईट नाही. त्याची जागा वेगळी आहे. स्लॅबमध्ये, मुख्य बीमपासून आणि कॉलमपासून दूर, उभ्या पाइपसाठी ती बऱ्याचदा लागते आणि छन्नीपेक्षा कितीतरी चांगली. बीममध्ये नाइलाजाने मारायचीच तर आधी रिबार लोकेटरने लोहा शोधून त्याच्या रेषा खडूने बीमवर आखायच्या आणि इंजिनिअरने होकार दिला तरच मशीन लावायचं. असा लोकेटर गावात क्वचित मिळतो. तो आणायला खर्च येतो हे खरं, पण स्लीव्हचा तुकडा त्यामानाने फुकटच पडतो.

कॉलमच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच नाही. कॉलममध्ये आडवी स्लीव्हही नको, कोअरही नको. ९ बाय १२ चा, म्हणजे २३० बाय ३०० चा कॉलम घ्या. त्यातून ११० चा आडवा छेद काढला, तर त्या पातळीवर, छेद कोणत्या बाजूने काढला त्याप्रमाणे, ३०० ची बाजू ३७ टक्के किंवा २३० ची बाजू जवळजवळ निम्मी रिकामी होते. पावसाचं पाणी उतरवायला ११० चा उभा पाइप कॉलमच्या पोटात घालायची जी सवय दिसते, ती तर अख्ख्या उंचीभर सुमारे १४ टक्के काँक्रीट खाते. वरून पाइपचा जोड गळला तर ते पाणी थेट सळाखांपाशी मुरतं, बाहेर दिसेपर्यंत कॉलम फुगून सळाखांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलेलं असतं. पाइप कॉलमच्या शेजारून भिंतीवर घ्या. क्लॅम्प दिसले तर दिसू द्या.

इंजिनिअर बहुधा शहरात किंवा तालुक्याला असतो आणि ढलाईच्या दिवशी येईलच असं नाही. म्हणून त्याच्याशी काय ठरलं ते नकाशाच्या प्रतीवर लिहून घ्यावं: कोणता बीम, पाइपची साइज, स्लीव्हची साइज, कॉलमच्या कडेपासून स्लीव्हच्या केंद्रापर्यंतचं अंतर, आणि बीमच्या वरच्या कडेपासून केंद्राची खोली. उंची जमिनीपासून लिहू नका. भराव टाकला की ती बदलते. लोहा बांधायच्या आधी त्या कागदावर सही. मग स्लीव्ह बांधून झाली की टेप लावलेला फोटो, दोन्ही बाजूंनी, ढलाईआधी पाठवायचा. स्लीव्हची दोन्ही तोंडं थर्मोकोलने भरून टेपने बंद करा आणि बाइंडिंग तारेने तुकडा वर-खाली दोन्हीकडून बांधा, कारण पोकळ तुकडा काँक्रीटमध्ये वर तरंगतो. पहिला थर पडल्यावर एकदा टेप लावून बघा. व्हायब्रेटरची सुई स्लीव्हला टेकवायची नाही, फक्त तिच्या दोन्ही बाजूंना सोडायची.

काळ्या मातीत प्लिंथ बीमची एक वेगळी गोष्ट आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यात पुरलेला पाइप तिच्याबरोबर वर-खाली होतो. बीम मात्र जागचा हलत नाही. पाइप बीममध्ये सिमेंटने घट्ट पकडला असेल तर तो बीमच्या तोंडाशीच तुटतो आणि सांडपाणी पायाखाली झिरपत राहतं. म्हणून शक्य असेल तिथे संडासची लाइन प्लिंथ बीमच्या खालूनच काढावी. बीममधूनच जायची असेल आणि इंजिनिअरने तेवढ्या मोठ्या स्लीव्हला होकार दिला असेल, तर पाइप आणि स्लीव्हमधली फट सिमेंटने न बुजवता फोम किंवा डांबरात भिजवलेलं पोतं भरून वरून लवचीक सीलंट लावायचं.

रिंग कापली गेलीच असेल तर छेदात काँक्रीट भरून काम पुढे रेटू नका. भरलेलं काँक्रीट कापलेली सळाख जोडत नाही, ते फक्त छेद लपवतं. आधी बीमखाली बल्ल्या लावून भार उचला, वरचं भिंतीचं काम थांबवा, आणि इंजिनिअरला छेदाची जागा, व्यास आणि तो दांडा दाखवा. बाहेरून पोलादी पट्ट्या लावायच्या, बीमभोवती नवा थर चढवून जॅकेटिंग करायचं की छेद तसाच चालेल, हे तो हिशोब करून सांगेल. छेद तसाच ठेवायचा ठरला तर पाइप टाकण्याआधी कापलेल्या सळाखांच्या टोकांना इपॉक्सी लावून घ्या, नाहीतर बाथरूमची ओल तिथूनच आत शिरते.