होर्डिंगचा पाया: खोली की रुंदी?

“खड्डा खोल घेतला, खांब जाड टाकला की होर्डिंग पडत नाही, बरोबर ना?”

नाही. जाड खांब वाकत नाही, पण पायासकट उपटला जातो. 6 बाय 3 मीटरचा फलक घ्या, मध्य जमिनीपासून 5.5 मीटरवर. मुंबईत सेकंदाला 44 मीटरचा वारा धरतात, म्हणजे फलकावर सुमारे अडीच टन रेटा. दीड मीटर खोल पायाच्या तळाशी उलटवणारा जोर अडीच टन गुणिले सात मीटर, म्हणजे साडेसतरा टन-मीटर. आजूबाजूच्या मातीचा आधार न धरता दीड मीटर चौरस काँक्रीट जेमतेम सहा पेलतं. अडीच मीटर चौरस अठ्ठावीस. कारण रुंदीने वजनही वाढतं आणि तरफही. मात्र वारा फलक ज्या बाजूला ढकलतो, त्या कडेखालची माती भुसभुशीत असेल, तर हा हिशेबही कोलमडतो.