एक युनिट जास्त, म्हणून सगळं बिल महाग?

"एप्रिलला ९८ युनिट होते, मे महिन्यात १४९. युनिट दीडपट आणि बिल दुप्पट! शंभराच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो ना?" (सिडको, नाशिक)

नाही. घरगुती बिलाचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यात सांडलेल्या युनिटना लागतो. सोयीसाठी पहिला दर ५ रुपये आणि दुसरा १० धरू (खरे दर बिलावर असतात). ९८ युनिटचे ४९० रुपये. १४९ चे पहिल्या शंभराचे ५०० आणि उरलेल्या ४९ चे ४९०, म्हणजे ९९०. झालं की दुप्पट! १०१ युनिटला मात्र ५१० च, १०१० नव्हे.

जास्तीचे ५१ युनिट कुठून आले? २०० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला तर महिन्याला ४८ युनिट होतात. नाशकातल्या मे महिन्यात आठ तास म्हणजे काहीच नाही!

तरी चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून पाहा, आणि चालू आकडा मीटरवरच्या आजच्या आकड्यापेक्षा जास्त तर नाही ना, तेही बघा. मागचं बिल सरासरीचं असेल, तर यावेळी दोन महिन्यांचं रीडिंग एकदम येतं. तेव्हा पहिला टप्पा २०० युनिटचा धरलेला असायला हवा आणि आधी भरलेली रक्कम वजा झालेली हवी. तसं नसेल तर मीटरचा फोटो जोडून तक्रार करा.