विधानात ‘नाही’ दिसलं म्हणून गुण उलटवू नका

सांगली-साताऱ्याकडचे पदव्युत्तर लघुप्रबंध वाचताना एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. लोकांचा कल मोजणाऱ्या प्रश्नावलीत ज्या विधानात ‘नाही’ आहे ते नकारात्मक, म्हणून त्याचे गुण उलटवायचे, असं धरून चाललेलं असतं. ‘नाही’ असलेलं विधान आणि उलट गुणांचं विधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तराला आकडा देण्याचं काम सोपं आहे. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेली ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते: पूर्णतः सहमत ५, सहमत ४, तटस्थ ३, असहमत २, पूर्णतः असहमत १. इथे कुणी फारसं चुकत नाही. पुढे मात्र प्रत्येक विधानाबाबत ठरवावं लागतं, की त्याला सहमती दिली म्हणजे आपण जे मोजतोय ते वाढतं की घटतं. घटत असेल तरच गुण उलटवायचे, म्हणजे ५ चे १ आणि ४ चे २ करायचे. वाक्य होकारार्थी की नकारार्थी, याचा इथे काही संबंध नाही.

समजा, वाळव्यातल्या ऊस बागायतदारांचा ठिबक सिंचनाकडे कल किती आहे, हे मोजायचंय. चार विधानं घेऊ.

१. ठिबकमुळे उसाचं पाणी वाचतं.
२. ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि दुरुस्तीतच वेळ जातो.
३. ठिबक बसवल्याशिवाय आता ऊस परवडणार नाही.
४. ठिबकवर घातलेला पैसा भरून निघत नाही.

दुसऱ्या विधानात ‘नाही’ कुठेच नाही, तरी ते ठिबकच्या विरोधात जातं. तिसऱ्यात ‘नाही’ आहे, पण ते ठिबकच्या बाजूचं आहे. म्हणजे उलटवायची आहेत २ आणि ४. ‘नाही’ शोधत बसणारा मात्र ३ आणि ४ उलटवतो.

एका ठिबकवाल्या शेतकऱ्याने अनुक्रमे ५, २, ४, १ अशी उत्तरं दिली. पाटपाण्यावरच विश्वास असलेल्या दुसऱ्याने २, ५, १, ४ दिली. बरोबर उलटवल्यावर पहिल्याचे ५, ४, ४, ५ म्हणजे १८ गुण होतात आणि दुसऱ्याचे २, १, १, २ म्हणजे ६. ‘नाही’ बघून उलटवलं, तर पहिल्याचे ५, २, २, ५ आणि दुसऱ्याचे २, ५, ५, २. दोघांनाही १४! काहीच उलटवलं नाही, तर दोघांनाही १२. टोकाच्या विरुद्ध मताची दोन माणसं तक्त्यात सारखीच दिसतात, आणि मग ‘शेतकऱ्यांचा कल मध्यम आढळला’ असा निष्कर्ष छापून येतो.

म्हणून आकडेमोडीआधी प्रत्येक विधानापाशी थांबून विचारा: ठिबकचा कट्टर समर्थक याला सहमत म्हणेल की असहमत? असहमत म्हणणार असेल, तर ते उलट गुणांचं. ही यादी उत्तरं गोळा करण्याआधीच कागदावर करून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

उलटवायची रीत एका ओळीची आहे: सर्वांत लहान गुण अधिक सर्वांत मोठा गुण, वजा मिळालेला गुण. १ ते ५ असेल तर ६ मधून वजा, ० ते ४ असेल तर ४ मधून. १ ते ५ मध्ये तटस्थचे ३ तिथेच राहतात. एक्सेलमध्ये नुसतं `=6-C2` लिहिलं की रिकाम्या उत्तराचेही ६ गुण होतात, कारण रिकामा चौकोन शून्य धरला जातो. म्हणून असं लिहा:

```
=IF(C2="","",6-C2)
```

आणि ते नव्या रकान्यात लिहा. मूळ रकान्यावरच आकडे बदलले की नंतर कुणीतरी तेच पुन्हा उलटवतं, आणि ते कळायला मार्ग उरत नाही.

चूक झालीय का, हे तपासता येतं. प्रत्येक विधानाचे गुण आणि बाकीच्या विधानांची बेरीज यांचा सहसंबंध काढा. तो स्पष्टपणे ऋण आला, तर ते विधान पुन्हा वाचा. वाचल्यावर दिशा चुकलेली दिसली तरच बदला. विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबाख अल्फा केवळ वाढावा म्हणून उलटवणं मला मान्य नाही. कदाचित विधानच लोकांना दोन अर्थांनी कळलं असेल.

चौथ्या विधानात तसं सहज होतं. बांधावर उभं राहून “पैसा भरून निघत नाही, पटतं का?” असं विचारलं की शेतकरी म्हणतो, “नाही.” त्याला ‘नाहीच निघत’ म्हणायचं असतं, आणि विचारणारा ‘असहमत’वर खूण करतो. ही चूक कोणत्याही सूत्राने दुरुस्त होत नाही. म्हणून उलट गुणांची विधानं जरूर ठेवा, पण दुसऱ्यासारखी, ‘नाही’ न वापरता. चौथं मी ‘ठिबकवर घातलेला पैसा वाया जातो’ असं लिहीन, आणि त्याचेही गुण उलटवीनच.