जाहिरातीला किती पैसे लावायचे? छापायला देण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक दुकानदार पहिलं वाक्य हेच बोलतो, "पाच हजार पॅम्फलेट किती होतील?" किंवा "चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स लावायचाय." रेट आम्ही लगेच सांगतो, आमचा धंदाच आहे तो, पण त्याआधी दोन गोष्टी विचारतो आणि तिथे बरेच जण वैतागतात. एक, तुमचं गिऱ्हाईक नेमकं कुठे अडतंय? आणि दोन, हा आकडा तुम्ही कुठून काढला? हे पत्रक त्या दोन प्रश्नांसाठीच आहे. उदाहरण लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाच्या दुकानाचं घेतलंय, सगळे आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमचे वेगळे असणार.

आधी गिऱ्हाईक कुठे अडतंय ते बघू

जाहिरातवाल्यांचा एक जुना हिशोब आहे, आयडा म्हणतात त्याला. अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, अ‍ॅक्शन. म्हणजे आधी नजर जाते, मग माणूस दोन मिनिटं थांबून वाचतो किंवा विचारतो, मग आपल्याला पाहिजे असं वाटतं, आणि शेवटी खिशात हात जातो. अमेरिकेतल्या एलमो लुईस नावाच्या जाहिरातवाल्याच्या नावावर ही कल्पना 1898 च्या सुमारास लागते, चार अक्षरांचं नाव नंतर 1921 मध्ये रूढ झालं. एवढी जुनी गोष्ट आजही वापरतो कारण पैसे कुठे वाया चाललेत ते हिच्यामुळे पटकन दिसतं.

आता तेलवाल्याचं बघा. त्याला फ्लेक्स हवा होता. पण त्याचं दुकान मेन रोडवर, घाणा दारातच फिरतोय, येणारा जाणारा प्रत्येक जण बघतो, अर्ध्या गावाला दुकान माहितीये. म्हणजे अटेन्शनची अडचणच नाही. लोक आत येतात, भाव विचारतात, 320 रुपये लिटर ऐकलं की "बघतो, येतो परत" म्हणून निघून जातात. अडलंय ते इंटरेस्टमध्ये. एवढं महाग का, याचं उत्तर त्यांना कोणी दिलेलंच नाही. अशा दुकानासाठी फ्लेक्स लावला तर काय होईल, "बघतो, येतो परत" म्हणणारे वाढतील, गल्ल्यात फरक पडणार नाही.

मग त्याच्या पॅम्फलेटचा मजकूर आम्ही असा लिहू. वर मोठ्या अक्षरात "हे तेल एवढं महाग का?", म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातलाच प्रश्न, आधी आपणच विचारायचा. खाली उत्तर : एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, लाकडी घाणा हळू फिरतो, तेल फार तापत नाही आणि पेंडीत थोडं जास्त तेल राहून जातं, म्हणून उतारा मशिनपेक्षा कमी पडतो. शेंगदाण्याचा भाव सगळ्यांनाच माहीत असतो, बाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गुणाकार करते आणि 320 रुपये तिला लुटल्यासारखे वाटत नाहीत. मग डिझायरसाठी एकच ओळ, या तेलात फोडणी दिली की वास हॉलपर्यंत येतो. आणि अ‍ॅक्शनला "आजच भेट द्या" हे नको, ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी "रविवारी सकाळी 8 ते 11, तुमच्या सोसायटीच्या गेटवर, 100 मिलीची बाटली चाखायला फुकट". दिवस, वेळ, जागा आणि काय मिळणार, एवढं सगळं आलं पाहिजे. (आणि हो, "हृदयविकार बरा होतो", "शुगर उतरते" असलं काही छापायला सांगू नका. खाण्याच्या वस्तूंच्या जाहिरातीतल्या दाव्यांवर एफएसएसएआयचे नियम आहेत, आम्ही ते छापत नाही.)

आयडाचं एक दुखणं मात्र सांगतो. हा हिशोब पहिल्या खरेदीला संपतो, आणि तेलासारख्या धंद्यात खरी कमाई दुसऱ्या डब्यापासून सुरू होते. शिवाय लोक कायम याच क्रमाने चालत नाहीत, शेजारणीने चांगलं म्हटलं की पहिल्या तीन पायऱ्या एका वाक्यात पार होतात. म्हणून आम्ही शेवटी एक पायरी आमच्या पदरची जोडतो, परत आला का?

आता पैशाचं

बहुतेक दुकानदार दोनपैकी एका पद्धतीने आकडा काढतात. एक म्हणजे सगळा खर्च जाऊन उरेल ते जाहिरातीला, मग मंदीत काहीच उरत नाही आणि जाहिरात बंद. दुसरी म्हणजे समोरच्याने पन्नास हजार लावले म्हणून आपणही पन्नास. समोरच्याचं मार्जिन वेगळं, त्याचं गिऱ्हाईक वेगळं, कदाचित तोही कोणाचं तरी बघूनच करतोय. या दोन्हींवर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

तिसरी पद्धत विक्रीच्या टक्क्याची, आणि हिला आम्ही नावं ठेवत नाही. तेलवाल्याची वर्षाची विक्री 24 लाख, 4 टक्के धरले तर 96,000 रुपये वर्षाला. सोपं आहे, सीएला कळतं, घरच्यांना पटतं, हाताबाहेर खर्च जात नाही. पण हिच्यात गाडं उलटं जोडलेलं आहे. जाहिरातीने विक्री वाढावी म्हणून आपण पैसे लावतो, आणि इथे विक्रीवरून जाहिरात ठरते. शेजारी मोठा मॉल आला, विक्री 18 लाखावर घसरली, की बजेट आपोआप 72,000 होतं, म्हणजे जेव्हा गिऱ्हाईक धरून ठेवायला जास्त जोर लावायचा तेव्हाच हात आखडतो. आणि ते 4 टक्के तरी आले कुठून? बहुतेक वेळा कोणीतरी सांगितलेले असतात. मिठाईवाल्याचे 4 टक्के आणि सोनाराचे 4 टक्के एक कसे असतील, मार्जिनच वेगळं. एक आडवळणाचा धोकाही आहे, वर्ष संपत आलं आणि 30,000 शिल्लक असले की लोक ते कुठेतरी उडवतात, का तर "जाहिरातीचे" आहेत.

आम्हाला पटते ती चौथी पद्धत, ऑब्जेक्टिव्ह अँड टास्क. आधी ध्येय, मग त्यासाठी करायची कामं, मग कामांचा खर्च, आणि त्या खर्चाची बेरीज म्हणजे बजेट. ध्येय मात्र मोजता येईल असं पाहिजे. रसेल कॉली नावाच्या अमेरिकन माणसाने 1961 मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता, की कोणापर्यंत, किती आणि कधीपर्यंत हे आधी लिहा, नाहीतर जाहिरात चालली की नाही हे ठरवणार कशावरून. "नाव झालं पाहिजे" हे ध्येय नाही. "दिवाळीपर्यंतच्या 8 आठवड्यांत 120 नवी घरं, ज्यांनी दुसऱ्यांदा तेल नेलं" हे ध्येय.

इथून मागे मागे यायचं. दुकानाच्या वहीप्रमाणे पहिल्यांदा नेणाऱ्यातले साधारण निम्मे परत येतात असं धरू, म्हणजे 120 साठी 240 पहिले गिऱ्हाईक लागतील. चाखायला बाटली नेणाऱ्या दहातले तीन विकत घेतात असं धरलं तर 240 साठी 800 बाटल्या वाटाव्या लागतील. एका सोसायटीत रविवारी सकाळी 50 बाटल्या जातात, म्हणजे 16 स्टॉल, दर रविवारी दोन. आता काम दिसायला लागलं, आणि खर्चही.

100 मिली तेल, बाटली आणि लेबल मिळून 35 रुपये, 800 बाटल्यांचे 28,000. स्टॉलला माणूस, टेबल, सोसायटीची फी मिळून हजार रुपये, 16 स्टॉलचे 16,000. त्याच सोसायट्यांच्या भागात पेपरमधून टाकायची 8,000 पॅम्फलेट, छपाई आणि टाकणावळ मिळून पावणेदोन रुपये, झाले 14,000. मोबाईलवर फक्त आसपासच्या भागात दिसणारी जाहिरात आठवड्याला 1,500 म्हणजे 12,000. आणि दुसऱ्या खरेदीवर 30 रुपये सूट, 120 घरांचे 3,600. एकूण 73,600. फ्लेक्स कुठेच आला नाही, कारण कुठल्याच पायरीला तो लागला नाही.

परवडतं का ते बघायचं. 73,600 भागिले 120, एका घरामागे साधारण 613 रुपये. घर महिन्याला 3 लिटर नेतं, लिटरमागे 60 रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला 180. साडेतीन महिन्यांत पैसे वसूल. घर वर्षभर टिकलं तर उत्तम, दोन महिन्यांत गेलं तर तोटा. टक्क्याची पद्धत इथे कुंपण म्हणून कामाला येते. वर्षाचे 96,000 धरले होते, त्यातले 73,600 इथे गेले, उरलेल्या 22,400 मध्ये वर्षाचे बाकीचे दहा महिने काढता येतील का, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारायचा.

बेरीज 73,600 आली आणि खिशात 37 हजारच आहेत, तर काय? इथे सगळे एकच करतात, बेरीज निम्मी करतात आणि ध्येय तेच ठेवतात. 8 स्टॉलमध्ये 120 घरं येत नाहीत हो. पैसे निम्मे केले तर ध्येयही 60 घरांवर आणायचं, आणि 60 घरांसाठी एवढी धावपळ करायची की नाही ते ठरवायचं.

या पद्धतीची कमजोर बाजूही आहे, वरचे "दहातले तीन" आणि "निम्मे" हे अंदाज आहेत. ते चुकले की सगळं गणित चुकतं. म्हणून सगळ्या बाटल्या एकदम भरून ठेवायच्या नाहीत. पहिल्या दोन रविवारी 4 स्टॉल, 200 बाटल्या, बाटली देताना नाव, नंबर आणि "घरातलं तेल कधी संपेल" एवढं वहीत लिहून घ्यायचं. हा तिसरा प्रश्न फालतू वाटतो पण सगळ्यात महत्त्वाचा तोच, कारण घरात पाच लिटरचा डबा अर्धा भरलेला असेल तर बाई कितीही आवडलं तरी आज तेल घेणार नाही. चार दिवसांत विक्री दिसली नाही म्हणून मोहीम बंद करणारे इथेच फसतात. तेल संपायच्या सुमारास एक फोन करायचा. त्या 200 मधून 60 खरेदी व्हायला हव्यात. 50-55 झाल्या तर पुढे जा. 25 च झाल्या तर थांबा आणि वहीतल्याच पंधरा-वीस जणांना विचारा. "आवडलं पण महाग" म्हणाले तर पॅम्फलेटचा मजकूर बदला, "बाटली अजून उघडलीच नाही" म्हणाले तर फुकट म्हणून नेलीये, पुढच्या स्टॉलला दहा रुपये लावून बघा, आणि "वास उग्र वाटला" म्हणाले तर ते जाहिरातीने सुटणारं नाही, तेलाकडेच बघावं लागेल.

आमच्याकडे याल तेव्हा मागच्या 12 महिन्यांची विक्री महिन्यावार, एका नगामागे सुटणारे पैसे, आणि नवं गिऱ्हाईक परत येतं का याचा जमेल तसा अंदाज घेऊन या, चिठ्ठीवर लिहिलेला चालेल. पॅम्फलेट किती छापायची ते त्यावरून काढू, आणि लागतच नसतील तर तसं सांगू.