मेलचा सारांश आणि ग्रुपवरचा मेसेज

सोसायटीचा लांबलचक मेल आला की कोणीतरी म्हणतं, "जरा थोडक्यात ग्रुपवर टाका ना." मग तिथे बहुतेक वेळा सारांश पडतो. सारांश सांगतो मेलमध्ये काय लिहिलंय. मेसेजने सांगायचं असतं कोणी, काय, कधीपर्यंत करायचं. दोन्ही चार ओळींचे असतात म्हणून एकसारखे वाटतात, एवढंच.

समजा, पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत आणि मेलचा गाभा असा आहे:

"दि. 1 नोव्हेंबर रोजीच्या व्यवस्थापक समितीच्या सभेत संमत झालेल्या ठरावानुसार व प्राप्त तीन दरपत्रकांचा विचार करून सदर काम हाती घेण्यात येत आहे. ए विंगचे काम दि. 22 ते 24 व बी विंगचे दि. 25 ते 27 नोव्हेंबर दरम्यान करण्यात येईल. संबंधित सदस्यांनी आपापल्या विंगचे काम सुरू होण्याच्या दिवशी सकाळी 8 पूर्वी चारचाकी वाहने हलवावीत. मागील मैदानातील तात्पुरत्या पार्किंगचा पास मिळण्यासाठी वाहन क्रमांक दि. 18 नोव्हेंबर रोजी सायंकाळी 6 पर्यंत कार्यालयात नोंदवावा. दुचाकी वाहनांची व्यवस्था पूर्ववत राहील."

याचा सारांश: "22 ते 27 नोव्हेंबरला पार्किंगचं काम आहे, समितीने ठराव केलाय, गाड्या मैदानात लावायच्या आहेत, सर्वांनी सहकार्य करावे." यात चुकीचं काही नाही. पण हे वाचून बी विंगमधला माणूस 22 लाच गाडी बाहेर काढेल, आणि पासचं तर कोणाला कळणारच नाही. 22 ला सकाळी मैदानाच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत ठरलेली.

सारांश करताना आपण प्रत्येक परिच्छेदातलं थोडंथोडं उचलतो. मेसेजमध्ये तसं चालत नाही. ठराव, दरपत्रकं सरळ गाळायची; ज्याला हवं तो मेल उघडेल. उलट तारीख, वेळ, विंग आणि "फक्त चारचाकी" ही अट मात्र जशीच्या तशी ठेवायची. अट गाळली तर मेसेज नुसता अपुरा राहत नाही, चुकीचा होतो: स्कूटरवालेही ऑफिसात रांग लावतात.

तारखांपैकी पुढे कोणती आणायची? मेलमध्ये 1, 18, 22 आणि 25 अशा तारखा आहेत. 1 तारीख होऊन गेली. कामाची तारीख मोठी वाटते, पण वाचणाऱ्याला सगळ्यात आधी हलावं लागतं ते 18 ला. म्हणून ती पहिल्या ओळीत. मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचेच शब्द दिसतात, आणि मेसेज फार लांबला तर व्हॉट्सॲप उरलेला भाग "Read more" खाली ढकलतं. "सर्व सन्माननीय सदस्यांना नमस्कार" यात ती जागा घालवू नये.

मग मेसेज असा होतो:

```
*चारचाकीवाले: बुधवार 18 नोव्हेंबर, संध्या. 6 च्या आत गाडीचा नंबर सोसायटी ऑफिसात द्या* (मैदानातल्या पार्किंगच्या पाससाठी)
गाडी हलवायची:
ए विंग – रविवार 22 नोव्हें., सकाळी 8 च्या आत
बी विंग – बुधवार 25 नोव्हें., सकाळी 8 च्या आत
दुचाकी आहेत तिथेच राहतील. सविस्तर मेलमध्ये.
```

दोन्ही बाजूंचे तारे टाइप केले की मधली ओळ ठळक दिसते. एकच ओळ ठळक करा. सगळंच ठळक असेल तर काहीच ठळक नसतं.

तारीख लिहिताना "उद्या", "येत्या बुधवारी" टाळावं; हा मेसेज विंगच्या ग्रुपवर दोन दिवसांनी फॉरवर्ड होतो आणि "उद्या" बदलतं. वार आणि तारीख दोन्ही लिहिले की कॅलेंडरशी ताडून चूक लगेच पकडता येते. "18 पर्यंत" म्हटलं की 18 धरून की सोडून, हा वाद आहेच. वेळ घातली की तो मिटतो.

पाठवण्याआधी मेल न वाचलेल्या शेजाऱ्याला मेसेज दाखवा आणि विचारा, "तुम्ही काय करणार, कधी?" त्याने "कशाचा पास?" विचारलं तर काहीतरी राहिलंय.

मेसेज मेलची जागा मात्र घेत नाही. हिशेब, ठराव, जबाबदारी यांची नोंद मेलमध्येच राहते. वार्षिक सभेसारख्या गोष्टीला तर 14 पूर्ण दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. ग्रुपवरची ओळ ही फक्त आठवण.

आणि तारीख बदललीच तर? व्हॉट्सॲपवर मेसेज 15 मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर नवीन मेसेज टाका, त्यात जुनी तारीखही लिहा: "बदल: बी विंग, 25 ऐवजी गुरुवार 26 नोव्हेंबर." जुना मेसेज पिन केलेला असेल तर तो काढून नवा पिन करा, नाहीतर ग्रुप उघडला की वर जुनीच तारीख दिसत राहील.