तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले की भरवसा?

११२ ला फोन गेला, गाडी आली, पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. ही घटनेनंतरची पोलिसिंग. तिचं माप सोपं असतं: फोननंतर गाडी किती मिनिटांत आली, गुन्हा उघडकीस आला का. सामुदायिक पोलिसिंगमध्ये मात्र ठरावीक बीटवर तोच अंमलदार वर्षभर जातो, गल्लीतल्या अडचणी लोकांकडून समजून घेतो आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांचं काय झालं ते परत येऊन सांगतो. गणपती-ईदच्या आधी पोलीस ठाण्यात बोलावलेली शांतता समितीची बैठक म्हणजे सामुदायिक पोलिसिंग नव्हे. खबरी पाळणं तर नव्हेच.

दोन्ही लागतात. घरात चोर शिरलेला असताना मोहल्ला समिती कामाची नाही. पण आधीपासून ओळख नसेल, तर नुसत्या वेगवान गाडीने अफवा थांबत नाही.

भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या होत्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे वस्तीवार मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम दोन्हीकडचे रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसत. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. याच शहरात जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, गोळीबार झाला आणि दोन पोलीस कर्मचारी मारले गेले. एकदा कमावलेला भरवसा कायमचा जमा राहत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

मोजायचा कसा? ठाण्याच्या नोंदवहीवरून नाही. समजा, एका बीटमधली ४०० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. विचारलं, ‘गेल्या १२ महिन्यांत घरात चोरी झाली का? झाली असेल तर तक्रार दिली का? नसेल तर का नाही?’ पहिल्या वर्षी ६० घरांत चोरी झालेली निघाली, तक्रार १८ जणांनी दिली, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या वर्षी चोरी ५० घरांत आणि तक्रारी २५, म्हणजे ५० टक्के. नोंदवहीत चोऱ्या १८ वरून २५ झालेल्या दिसतील आणि वरिष्ठ बीट अंमलदाराला धारेवर धरतील. खरं तर चोऱ्या वाढल्याचं कुठेच दिसत नाही, वाढलं आहे ते लोकांचं ठाण्याची पायरी चढणं.

मात्र आकड्यांना फार ताणू नये. ६० आणि ५० हे आकडे छोटे आहेत. ३० वरून ५० टक्के हा २० अंकांचा फरक, थोड्याच घरांना विचारल्यामुळे योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेबाहेर (सुमारे १८ अंक) जेमतेम पडतो. आणि ६० वरून ५० हा फरक तर नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो, म्हणून ‘चोऱ्या घटल्या’ असं या सर्वेक्षणावरून म्हणता येणार नाही. शेजारच्या, जिथे नवं काहीच केलेलं नाही अशा बीटमध्येही हेच प्रश्न विचारावेत, नाहीतर शहरभर झालेल्या बदलाचं श्रेय आपण घेऊन बसू.

कुठली तक्रार मोजतो यालाही महत्त्व आहे. मोटारसायकल चोरीला गेली की विम्यासाठी, मोबाइल गेला की तो ब्लॉक करण्यासाठी माणूस पोलिसांकडे जातोच, भरवसा असो वा नसो. ज्या तक्रारीतून फिर्यादीला पदरात काही पडणार नाही ती पाहावी: किरकोळ घरफोडी, छेडछाड, शेजारची दमदाटी. चोरीची नोंद ‘गहाळ’ म्हणून करून घेतली जाते का, हेही लोकांना विचारावं, कारण आकडा तिथेच दबतो.

सर्वेक्षणातली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रश्नावली बीट अंमलदाराच्याच हाती देणं. वर्दीतल्या माणसाने दारात उभं राहून ‘पोलिसांवर विश्वास आहे का?’ विचारलं तर ‘आहे की, साहेब’ याशिवाय उत्तर येणार नाही. बाहेरचे लोक न्यावेत, बाईला बाईनेच आणि घरच्यांपासून बाजूला विचारावं. ‘विश्वास आहे का’ यापेक्षा ‘मुलीला एकटीला ठाण्यात तक्रार द्यायला पाठवाल का’ हा प्रश्न बरंच जास्त सांगून जातो.

मोजणी कधी केली यावरही उत्तर बदलतं. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पोलिसांनी काही कारवाई न करता घरी दिलेल्या एका छोट्या भेटीनेही लोकांचं मत सुधारलं आणि ते २१ दिवसांनंतरच्या मोजणीतही टिकून होतं, असा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतल्या २०२१ च्या अभ्यासात मात्र सामुदायिक पोलिसिंगने ना विश्वास वाढला, ना गुन्हे घटले. अधिकाऱ्यांच्या सततच्या बदल्या आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काम करायला नसलेली साधनं, ही संशोधकांनी दाखवलेली कारणं आपल्याकडच्या कुठल्याही ठाणेदाराला ओळखीची वाटतील. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने, शक्यतो त्याच घरांत, पुन्हा विचारावं. एक प्रश्न जास्तीचा घालावा: ‘मागच्या बैठकीत तुम्ही सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं, हे कुणी येऊन सांगितलं का?’